आठवड्याला दोनशे ग्रॅम

जिममध्ये दोन-तीन वर्षं नियमित व्यायाम केलेल्या माणसाला एक अडचण हमखास येते. पहिल्या वर्षी जवळजवळ दर आठवड्याला बारवरचं वजन वाढत होतं. आता अडीच किलो वाढवायला महिना-दीड महिना लागतो. मग कुणीतरी सुचवतं की खाणं वाढव, बल्किंग कर. तो भरपूर खायला लागतो. तीन महिन्यांत सहा किलो वजन वाढतं, पण त्यातलं बरंचसं पोटावर बसतं आणि ते उतरवण्यात पुढचे तितकेच महिने जातात.

असं होतं, कारण स्नायू किती वेगानं वाढणार हे मुख्यतः व्यायामाच्या ताणावर आणि शरीर त्या ताणाला किती सरावलं आहे यावर ठरतं. खाणं त्या वाढीला लागणारा माल पुरवतं. पण माल दुप्पट आला म्हणून वाढीचा वेग दुप्पट होत नाही. उरलेली ऊर्जा चरबी म्हणून साठते. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गट ८ ते १२ आठवडे सारखाच वजनांचा व्यायाम करत होते. एका गटाला आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं जास्त खायला दिलं, दुसऱ्या गटानं आपल्या मनानं खाल्लं. जास्त खाणाऱ्यांची चरबी सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणून लीन बल्कमध्ये आधी ठरवायचा तो वजन वाढण्याचा वेग. मधल्या टप्प्यावरच्या माणसासाठी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव टक्क्याच्या आसपासचा वेग योग्य असतो. अगदी नवखा माणूस अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकतो, कारण त्याचे स्नायू झपाट्यानं वाढतात. ७० किलोच्या माणसाचा पाव टक्का म्हणजे १७५ ग्रॅम. सोयीसाठी आठवड्याला २०० ग्रॅम धरू. त्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा साधारण २०० ते २५० कॅलरी जास्त पुरतात. दुपारी एक पोळी आणि रात्री एक कप दूध वाढवलं, की एवढी भर पडते. प्रथिनं मात्र शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे इथे सुमारे ११० ग्रॅम. शाकाहारी माणसाला एवढं नुसत्या वरण-उसळीतून मिळवणं जड जातं. त्याला पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या किंवा व्हे प्रोटीनचा आधार घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर हे सारं डॉक्टरांना विचारूनच करावं.

दोनशे ग्रॅम मोजायचे कसे, हा यातला खरा नाजूक भाग. रात्री खारट जेवण झालं, भात जास्त झाला किंवा पोट साफ झालं नाही, तर सकाळी काटा सहज एक किलो जास्त दाखवतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करावं आणि सात दिवसांची सरासरी काढावी. तुलना सरासरीशी सरासरीची, तीही दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत वजन अर्धा-एक किलो पटकन वाढतं. वाढलेल्या पिष्टमय पदार्थांबरोबर स्नायूंत पाणी साठतं आणि आतड्यातल्या अन्नाचं प्रमाणही वाढतं, म्हणून हे घडतं. क्रिएटिन सुरू केलं तरी असंच होतं. ही वाढ हिशेबात धरायची नाही.

काटा एवढंच सांगतो की शरीरात ऊर्जा उरते आहे. ती कुठे जाते, हे व्यायामाची वही आणि कमरेची टेप सांगतात. एक उदाहरण घेऊ. अडीच वर्षं व्यायाम करणारा ७० किलोचा एक तरुण सप्टेंबरच्या सुरुवातीला लीन बल्क सुरू करतो. बेंच प्रेस ७० किलोवर तीन सेट, ८, ७ आणि ६ रेपचे. स्क्वॉट ९० किलोवर ६, ६ आणि ५. बेंबीपाशी कंबर ८० सेंटिमीटर. वजन वाढवण्याचा त्याचा नियम साधा आहे: तिन्ही सेटमध्ये ९ रेप झाले की बारवर अडीच किलो चढवायचे. प्रत्येक सेट आणखी एक-दोन रेप निघतील अशा ठिकाणी थांबवायचा.

तिसऱ्या आठवड्याची सरासरी ७०.८ येते. पाण्याची वाढ त्यात धरलेली असल्यानं इथून मोजायला सुरुवात. सातव्या आठवड्यात सरासरी ७१.६, म्हणजे वेग नेमका हवा तेवढा. बेंच प्रेस ९, ९, ८ वर पोचला आहे. स्क्वॉट मात्र जागच्या जागी आहे. इथे बहुतेक जण खाणं वाढवतात, आणि तिथेच चूक होते. वजन वाढतं आहे आणि छातीचा व्यायामही पुढे सरकतो आहे, तेव्हा अन्न कमी पडत नाही हे उघड आहे. वही पाहिल्यावर कारण सापडतं: मांड्यांचे आठवड्यात फक्त सहा सेट होतात, तेही एकाच दिवशी, डेडलिफ्टनं थकल्यानंतर. तो स्क्वॉट दुसऱ्या दिवशी, ताजा असताना, सुरुवातीला घेतो आणि मांड्यांचे सेट दोन दिवसांत विभागून नऊ करतो. बाकी स्नायूंचे सेट तेवढेच ठेवतो; सगळीकडे एकदम भर घातली असती, तर कशामुळे फरक पडला हे कळलं नसतं आणि थकवा वाढला असता तो वेगळाच. तीन आठवड्यांत स्क्वॉट ८, ७, ७ वर येतो.

नवव्या आठवड्यात दिवाळी येते. चकल्या-लाडवांचा फराळ होतो आणि सरासरी एकदम ७२.८ दिसते, अंदाज ७२ चा होता. तो उपास करत नाही, फक्त नेहमीच्या जेवणावर परततो. अकराव्या आठवड्यात सरासरी ७२.४ येते, म्हणजे गाडी मार्गावरच आहे. कंबर ८१. बाराव्या आठवड्यात सांधे कुरकुरतात, नेहमीचं वजनही जड वाटतं, म्हणून एक आठवडा सेट निम्मे करून तो हलका व्यायाम करतो. त्यानंतर तीन आठवडे सरासरी ७२.६ वर अडते. वाढलेलं शरीर जास्त ऊर्जा खर्च करू लागलं आहे, म्हणजे आता खरंच अन्न कमी पडतं आहे. तो रोज आणखी एक पोळी वाढवतो, शंभर-सव्वाशे कॅलरीची.

सरासरी ठरल्यापेक्षा वेगानं वाढत राहिली असती, तर तेवढंच कमी करायचं होतं. आणि वजन हव्या वेगानं वाढत असूनही सगळेच व्यायाम अडले असते, तर आधी झोप आणि सेटची संख्या तपासायची, ताट नंतर.

थांबायचं कधी? कंबर वजनाच्या मानानं भराभर वाढू लागली, किंवा हलका आठवडा घेऊनही दीड-दोन महिने एकही मुख्य व्यायाम पुढे सरकला नाही, तर जास्तीचं खाणं बंद करून वजन स्थिर ठेवावं. सगळं सुरळीत चाललं, तर हा तरुण सहा महिन्यांत ७५ किलोच्या आसपास पोचेल. वाढलेलं सगळं वजन स्नायूंचं नसेल. पण कंबर दोन-तीन सेंटिमीटरनंच वाढली असेल आणि वहीत बेंच प्रेस ७५ वर, स्क्वॉट १०० वर गेलेला दिसत असेल, तर दोनशे ग्रॅमचा हिशेब बरोबर होता असं समजावं.