कोंबिनीच्या काउंटरवर: कोणतं बटण, कोणतं कार्ड

जपानमधलं कोंबिनी म्हणजे कोपऱ्यावरचं, बहुधा चोवीस तास उघडं असलेलं दुकान. तिथे ओनिगिरी मिळते, छत्री मिळते, वीजबिलही भरता येतं. सेव्हन-इलेव्हन, लॉसन आणि फॅमिलीमार्ट या त्यातल्या तीन मोठ्या साखळ्या. सेव्हन-इलेव्हननं २०२० च्या सप्टेंबरपासून पैसे घेण्याची रीत हळूहळू बदलत नेली. माल अजूनही दुकानातला माणूसच स्कॅन करतो, पण पैसे कशानं देणार हे गिऱ्हाइकानं समोरच्या पडद्यावर बटण दाबून सांगायचं. बाकीच्या दुकानांत बऱ्याचदा तेच तोंडी सांगावं लागतं.

नवखा माणूस इथेच अडखळतो. हातातला फोन एक, कार्ड वाचणारं यंत्रही एक, मग विचारायचं कशाला? आपल्याकडे यूपीआयला कोणतंही अ‍ॅप उघडून एकच कोड स्कॅन करायची सवय असते, त्यामुळे हा प्रश्न उगाचच वाटतो. पण तिथल्या यंत्राला तो खरोखर पडलेला असतो. सुइका हे रेल्वेचं कार्ड २००१ साली आलं, तेव्हापासून जपाननं सोनीच्या फेलिका चिपवर स्पर्शानं पैसे देण्याचं आपलं वेगळं जग उभं केलं. सुइका, iD, QUICPay, नानाको, एडी ही सगळी त्या जगातली, पण प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. जगभर चालणारा व्हिसा-मास्टरकार्डचा स्पर्श तिथे नंतर आला आणि तो वेगळ्या पद्धतीनं चालतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा यंत्र वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखं एकच नाव पुकारतं. सुइकाचं नाव पुकारलं, तर फोनमधला सुइकाच ‘हजर’ म्हणतो. iD दाबून सुइकाचं प्लास्टिक कार्ड टेकवलंत, तर कार्ड गप्प राहतं, यंत्र कुरकुरतं आणि पैसे कुणाचेच जात नाहीत. म्हणजे चुकीचं बटण दाबल्यानं दोनदा पैसे जातील ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. मागे जायचं, योग्य बटण दाबायचं, इतकंच.

पडद्यावरचे चार शब्द ओळखता आले की काम भागतं. 現金 म्हणजे रोख. クレジット म्हणजे क्रेडिट कार्ड. व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवायचं असेल तरी हेच. 交通系 म्हणजे वाहतुकीची कार्डं. सुइका, पास्मो, इकोका ही सगळी त्यातच येतात, त्यामुळे पडद्यावर सुइकाचं वेगळं नाव शोधत बसू नये. バーコード決済 म्हणजे पेपेसारखी अ‍ॅप, ज्यात फोनवरचा बारकोड दाखवायचा असतो. तोंडी सांगायचं असेल तर ‘सुइका दे’ एवढं पुरतं.

नावांचा खरा गुंता डोकोमो या फोन कंपनीनं करून ठेवला आहे. iD हे स्पर्शानं द्यायचे पैसे, d払い हे बारकोडनं द्यायचे पैसे आणि dポイント हे नुसते खरेदीचे गुण. त्यात पैसे देण्याआधीच दुकानदार ‘पॉइंट कार्ड आहे का?’ असं विचारतो. तिथे दाखवलेला बारकोड गुणांचा असतो. तो स्कॅन झाला म्हणजे पैसे दिले असं होत नाही.

आयफोनमध्ये आणखी एक गंमत आहे. एखादा सुइका ‘एक्सप्रेस’ म्हणून नेमलेला असेल, तर 交通系 निवडल्यावर फोन नुसता जवळ नेला तरी चेहरा किंवा बोट न मागता पैसे जातात. सुइकानं द्यायचं मनात असताना फोन अचानक चेहरा मागू लागला, तर बटण दुसरंच दाबलं गेलंय असं समजावं. फोनच्या कव्हरमागे प्लास्टिकचा सुइका खोचून ठेवणारेही असतात. अशा वेळी यंत्रापुढे दोन सुइका एकदम येतात. एक तर ते गोंधळतं, नाहीतर तुमच्या मनात नसलेल्या कार्डातून पैसे घेतं. टेकवण्याआधी ते कार्ड काढून ठेवावं हे बरं.

दोनदा पैसे जातात ते मुख्यतः अर्धवट स्पर्शात. समजा, दोन ओनिगिरी आणि चहा मिळून ४८६ येन झाले. सुइकात २,००० येन आहेत. तुम्ही 交通系 दाबलं, फोन टेकवला आणि घाईत लगेच उचलला. यंत्रानं इशारा दिला आणि पुन्हा टेकवा असा संदेश पडद्यावर आला. फोनमध्ये पाहिलंत तर शिल्लक १,५१४. पैसे तर गेले, आणि यंत्र अजून मागतंय!

याचं कारण सुइकाच्या रचनेत आहे. सुइकाची शिल्लक चिपमध्येच लिहिलेली असते. यंत्र तिच्यातली रक्कम कमी करतं आणि ‘झालं’ या उत्तराची वाट पाहतं. ते उत्तर येण्याआधीच फोन दूर गेला, तर चिपमध्ये रक्कम कमी झालेली असते, पण यंत्राला ते कळलेलं नसतं. जपानीत या अवस्थेला 処理未了, म्हणजे ‘शोरी मिर्यो’ म्हणतात. यावर उपाय एकच, तोच फोन किंवा तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. यंत्र कार्डाचा क्रमांक आणि त्यावरची शेवटची नोंद वाचतं. ४८६ आधीच कमी झाले असतील तर पुन्हा काही कापत नाही, नुसता व्यवहार पुरा करतं. कमी झाले नसतील तर तेव्हा कापतं.

आता या क्षणी माणूस साधारणपणे काय करतो? मागे रांग असते, शरम वाटते, म्हणून तो खिशातलं दुसरं कार्ड काढतो किंवा पाचशेची नाणी पुढे करतो. नुकसान होतं ते इथे. सुइकातून ४८६ गेलेले आहेतच, वर दुसरे ४८६ गेले. पहिल्या स्पर्शाचा निकाल लागेपर्यंत साधन बदलायचं नाही, रांग कितीही लांब असो. दुकानदार ‘मो इचिदो’ म्हणाला तर तो ‘पुन्हा एकदा’ म्हणतोय, आणि तो तेच कार्ड मागतोय. तरीही जमलं नाही, तर फोनवरची शिल्लक त्याला दाखवावी आणि रोख देण्याआधी त्याला तपासू द्यावं.

बारकोडच्या अ‍ॅपमध्ये पैसे फोनमध्ये नसतात, कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तिथे काउंटर अडकलं तर नवा कोड दाखवण्याआधी अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास उघडावा. रक्कम तिथे दिसत असेल तर तो पडदाच दुकानदाराला दाखवावा.

भारतातून जाणाऱ्यांना कार्डाच्या बाबतीत एक तयारी घरीच करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी व्यवहार आणि स्पर्श या दोन्हींसाठी बंद असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते आपण चालू करायचं. केलं नाही तर कोंबिनीत कार्ड नाकारलं जातं आणि यंत्राची चूक समजून माणूस तेच ते बटण दाबत राहतो. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सुइका बसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी प्लास्टिकचं कार्डच सोयीचं. आयफोन मात्र ८ आणि त्यापुढचा कुठल्याही देशात घेतलेला असला तरी चालतो.

क्रेडिट कार्डावर बँकेचे दोन संदेश आले तर लगेच घाबरू नये. बँक आधी रक्कम नुसती अडवून ठेवते. व्यवहार मध्येच तुटला असेल तर ती काही दिवसांनी सुटते. खात्यावर दोन्ही रकमा पक्क्या दिसल्या, तरच तक्रार करायची. तेव्हा काउंटरवरची पावती कामी येते, कारण दुकान, वेळ आणि पैसे कशानं दिले, हे सगळं तिच्यावर छापलेलं असतं.