सव्वापाचचं दूध आणि मुलाखतीतला बग

‘सोळा तारखेला सकाळी दूध घातलं, पावती माझ्याकडे आहे, पण बिलात ते लागलेलंच नाही.’ एका शेतकऱ्याने अशी तक्रार केली, असं समजा. मग दुसऱ्या गावातून तशीच तक्रार आली, नंतर तिसऱ्या गावातून. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या तरुण इंजिनिअरने कारण शोधलं आणि दुरुस्ती केली. पुढे नोकरी बदलताना मुलाखतीत प्रश्न आला, ‘तुम्ही सोडवलेला एखादा अवघड बग सांगा.’ बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. सॉफ्टवेअरच्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि चांगली कामं केलेली मुलंमुलीही इथे अडखळतात. काम आठवतं, पण ते कुठून सांगायला घ्यावं हेच सुचत नाही.

त्यासाठी चार टप्प्यांचा एक साचा बराच रूढ आहे: परिस्थिती, तुमच्यावरची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि निकाल. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘स्टार’ म्हणतात. साचा चांगला आहे, पण चारही टप्प्यांना सारखा वेळ दिला तर उत्तर फिकं पडतं. बगच्या प्रश्नात निम्म्याहून जास्त वेळ तिसऱ्या टप्प्याला द्यावा असं माझं मत आहे. मुलाखत घेणाऱ्याला या माणसाला कशाकशाचा संशय आला आणि तो संशय त्याने कोणत्या पुराव्यावर सोडला, हे ऐकायचं असतं. आपल्या दुधाच्या उदाहरणावर ते करून पाहू.

परिस्थिती चार वाक्यांत संपवावी. ‘आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालायचं. दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघायचं. काही जणांच्या बिलात एखाद्या सकाळचं दूध गायब असायचं, संध्याकाळचं मात्र कधीच नाही. केंद्रावर छापलेल्या पावतीवर तारीख, वेळ, लिटर, फॅट सगळं बरोबर असायचं.’ कंपनी कधी स्थापन झाली, सर्व्हर किती, कुठली भाषा, हे इथे कुणाला नको असतं. नुकसान कुणाचं आणि लक्षण काय, एवढं पुरतं. जबाबदारीला एकच वाक्य: ‘पुढचं बिल निघायच्या आत कारण शोधून दुरुस्त करणं माझ्याकडे होतं.’

आता शोध. पहिला संशय साहजिकच इंटरनेटवर. गावात रेंज जाते, नोंद वर पोचलीच नसेल. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक नोंदीच्या रोजनिशीत, ‘गायब’ नोंदी पोचलेल्या दिसत होत्या. शिवाय रेंज संध्याकाळीही जाते, आणि संध्याकाळची तक्रार एकही नव्हती. दुसरा संशय केंद्रचालकाच्या हातून चूक होण्याचा. तोही टिकला नाही, कारण तक्रारी वेगवेगळ्या केंद्रांवरून येत होत्या आणि सगळ्या सर्व्हर नव्या जागी हलवल्यानंतरच्या होत्या. एवढी माणसं एकाच महिन्यात एकाच प्रकारे चुकायला लागतील, हे पटण्यासारखं नाही.

मग त्याने तक्रारदारांच्या पावत्यांवरच्या वेळा तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडल्या. एका शेतकऱ्याच्या वेळा अशा होत्या. 14 तारखेला पावणेसहा, 8 लिटर. 15 ला सव्वापाच, 7 लिटर. 16 ला सव्वापाच, 9 लिटर. 17 ला पुन्हा पावणेसहा, 8 लिटर. तक्रार करणारा प्रत्येक जण कधी साडेपाचच्या आधी येत होता, कधी नंतर. रोज सहाला येणाऱ्यांची तक्रार नव्हतीच.

साडेपाच हा आकडा दिसला आणि पुढचं उलगडलं. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जुना सर्व्हर भारतीय वेळेवर चालायचा, नवा जागतिक वेळेवर. आणि नोंदीची तारीख डेटाबेस स्वतःच्या घड्याळावरून लावत होता:

```sql
CURRENT_DATE
```

आपल्याकडे पहाटे सव्वापाच वाजतात तेव्हा जागतिक वेळेत आदल्या दिवशीचे रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात. म्हणजे साडेपाचच्या आधीचं दूध आदल्या तारखेला चढत होतं. त्यात आणखी एक नियम आड आला. एका शेतकऱ्याची एका तारखेला सकाळची नोंद एकच असणार. दुसरी आली तर ती दुरुस्ती समजून पहिलीवर लिहायची.

वरचे चार दिवस या नियमातून काढून बघा. 14 चे 8 लिटर 14 ला चढले. 15 चे 7 लिटरही 14 वरच गेले आणि त्यांनी ते 8 पुसून टाकले. 16 चे 9 लिटर 15 ला लागले, 17 चे बरोबर 17 ला. रिकामी राहिली 16 तारीख, म्हणून तक्रार सोळाची. प्रत्यक्षात बुडालं होतं ते चौदाचं दूध! हा बग अवघड होता तो यामुळे. तक्रार एका दिवसाकडे बोट दाखवत होती आणि नुकसान दुसऱ्याच दिवशी झालेलं होतं. मुलाखतीत हे वाक्य आवर्जून म्हणावं. ‘फार अवघड होतं हो’ असं दहादा सांगून जे समोरच्यापर्यंत पोचत नाही, ते यातून पोचतं. रोज साडेपाचच्या आत येणाऱ्याची प्रत्येक नोंद एक दिवस मागे सरकत होती, पण बेरीज जवळपास जुळायची, म्हणून तो गप्प होता.

या टप्प्यावर ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा घोळ होऊ देऊ नये. आपल्याकडे नम्रतेपोटी सगळंच ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय असते. मुलाखत घेणाऱ्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. वेळा मी मांडल्या, सर्व्हर हलवल्याची तारीख सहकाऱ्याने सांगितली, असं सरळ वाटून सांगावं.

निकालात दुरुस्ती आली. नोंदीची तारीख भारतीय वेळेनुसारच काढायची, सर्व्हर कुठेही असो:

```sql
(now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

आणि ती पटवायची कशी? पाच एकोणतीस आणि पाच एकतीस, अशा दोन वेळांची चाचणी लिहून. आधीच्या कोडवर पहिली चाचणी नापास होते, नव्या कोडवर दोन्ही पास होतात. ‘नंतर तक्रार आली नाही’ यापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे, कारण तक्रार न येण्याला इतरही कारणं असू शकतात.

एवढं सगळं तीन-चार मिनिटांत बसतं. खरी परीक्षा त्यानंतरच्या उपप्रश्नांत होते. चाचणीत हे आधी का सापडलं नाही? कारण चाचण्या दिवसा व्हायच्या, त्याही भारतीय वेळेवरच्या लॅपटॉपवर. पुसलेल्या नोंदींचं काय केलं? इथे बरेच उमेदवार गडबडतात, कारण त्यांनी कोड दुरुस्त केलेला असतो आणि बिघडलेला डेटा तसाच राहिलेला असतो. आपल्या उदाहरणात पुसलेले आकडे डेटाबेसमध्ये उरलेले नाहीत. ते सर्व्हरच्या लॉगमधून, आणि लॉग जिथे संपतो तिथे केंद्रावरच्या पावत्यांवरून परत भरावे लागतात. काही पावत्या मिळाल्या नसतील, तर तेही सांगावं.

मुलाखतीला जाण्यापूर्वी स्वतःचा एक बग निवडा आणि कागदावर तीन गोष्टी लिहून काढा: कोणते संशय आले, प्रत्येक संशय कशामुळे सुटला, आणि दुरुस्ती झाली हे कशावरून म्हणता. दुसरी गोष्ट लिहिताना हात थांबला तर तो बग सोडून दुसरा घ्या.