टाकीत माल, टेबलावर बिल नाही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेझरने पत्रा कापणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. स्टेनलेस स्टील काळे न पडता कापायचे, तर नायट्रोजन वायू लागतो आणि तो द्रवरूपात टँकरने येतो. टँकर निघताना ग्राहकाच्या टाकीत नेमका किती वायू उतरेल हे पुरवठादारालाही ठाऊक नसते. त्यामुळे द्रव वायूसाठी जीएसटीच्या ५५व्या नियमाने बिलाऐवजी डिलिव्हरी चलनावर माल पाठवण्याची मुभा दिली आहे. बिल मागाहून येते. अडचण होते ती माल मार्चमध्ये उतरतो आणि बिल एप्रिलमध्ये येते तेव्हा.

समजा, २९ मार्चला टँकर आला. चलनावर ४,००० घनमीटर असे लिहिले आहे आणि स्टोअरकीपरने टाकीचा काटा बघून सही केली आहे. परचेस ऑर्डरमध्ये घनमीटरला २० रुपये दर ठरला आहे. म्हणजे ८०,००० रुपयांचा माल आला. ३१ मार्चच्या संध्याकाळी स्टॉक मोजला, तेव्हा त्यातला ३,००० घनमीटर शिल्लक होता. त्याची किंमत ६०,००० रुपये. स्टॉक मोजणारा माणूस बिल बघत नाही, टाकी बघतो. म्हणून हे ६०,००० शिल्लक मालात धरले जातात. खरेदी मात्र बिलावरून लिहिली जाते, आणि बिल तर आलेलेच नाही. नफा काढताना शिल्लक माल जमेच्या बाजूला येतो, पण त्याची खरेदी खर्चात कुठेच दिसत नाही. प्रत्यक्षात वापरलेल्या वायूचे २०,०००ही सुटतात. मार्चचा नफा पूर्ण ८०,००० रुपयांनी फुगतो आणि तेवढेच देणे ताळेबंदातून गायब होते.

हे टाळायला ३१ मार्चला एक जर्नल एंट्री करतात:

नायट्रोजन खरेदी खाते नावे ८०,०००
बिल न आलेल्या मालाचे देणे जमा ८०,०००

यात जीएसटी धरलेला नाही. कारण इनपुट क्रेडिट घ्यायला हातात बिल असावे लागते आणि चलनावर ते मिळत नाही. रक्कम अंदाजाची असली तरी मनाने ठरवलेली नसते. चलनावरचे माप आणि ऑर्डरवरचा दर, या दोन कागदांवर ती उभी असते. ते दोन्ही कागद एंट्रीला जोडून ठेवले की ऑडिटरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

१ एप्रिलला हीच नोंद उलटी करतात: देणे खाते नावे, खरेदी खाते जमा, रक्कम तीच. त्या दिवशी एप्रिलच्या खरेदीत उणे ८०,००० दिसतात आणि नवखा अकाउंटंट दचकतो. पण बिल येईपर्यंत ते तसेच राहायचे असतात. मग ३ एप्रिल तारखेचे बिल येते: माल ८०,०००, वाहतूक २,००० आणि या ८२,०००वर १८ टक्के जीएसटी १४,७६०. एकूण ९६,७६०. ते नेहमीच्या पद्धतीने चढवायचे: खरेदी नावे ८२,०००, इनपुट जीएसटी नावे १४,७६०, पुरवठादार जमा ९६,७६०. उणे ८०,००० आणि अधिक ८२,००० मिळून एप्रिलच्या खर्चात उरतात फक्त २,०००, म्हणजे अंदाजातून सुटलेली वाहतूक. बिल लिहिणाऱ्याला मार्चची एंट्री आठवण्याची गरज पडत नाही. उलट नोंदीचा सगळा फायदा तोच.

चूक होते ती बहुधा उलट नोंद विसरल्याने. तसे झाले तर तोच वायू मार्चमध्ये ८०,०००ला आणि एप्रिलमध्ये ८२,०००ला, असा दोनदा खर्चात पडतो. दुसरी चूक अतिशहाण्याची: १ एप्रिलला एंट्री उलटलेली असतानाही कुणी आलेले बिल देणे खात्यालाच वळते करतो. मग ते खाते उलट्या बाजूला जाते. टॅली वापरणाऱ्यांनी ‘रिव्हर्सिंग जर्नल’ या नावाला भुलू नये. ते व्हाउचर सिनॅरिओच्या अहवालापुरते दिसते, मूळ पुस्तकांत बसत नाही. म्हणून साधी जर्नल एंट्री दोनदा करणेच बरे.

पडताळणीला एकच खाते पुरते. ‘बिल न आलेल्या मालाचे देणे’ खात्याची महिनाअखेरची शिल्लक आणि स्टोअरकडच्या बिल न आलेल्या चलनांची यादी शेजारी ठेवावी. दोन्ही रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत. खात्यात रक्कम आहे पण यादीत चलन नाही, तर उलट नोंद राहिली आहे. यादीत चलन आहे पण खात्यात रक्कम नाही, तर तरतूद राहिली आहे. आणि एकच चलन सलग तीन महिने यादीत दिसले, तर हिशेबाची वही मिटून पुरवठादाराला फोन लावावा. बहुधा बिल वाटेत हरवलेले असते किंवा कारखान्यातच दुसऱ्या कुणाच्या खणात पडलेले असते.