हॉटेल सोडले, अनामत कार्डावरच

हॉटेलात चेक-इन करताना अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मशीनला लावले जाते, तेव्हा बहुतेक वेळा पैसे कापले जात नाहीत. बँक तेवढी रक्कम कार्डाच्या मर्यादेतून फक्त बाजूला राखून ठेवते. काउंटरवर याला ‘प्री-ऑथ’ किंवा ‘होल्ड’ म्हणतात. डेबिट कार्ड असेल तर मात्र खात्यातली स्वतःची रक्कमच अडकते. त्यामुळे अनामतीसाठी क्रेडिट कार्ड बरे.

समजा, कार्डाची मर्यादा 1,00,000 रुपये आहे. गोव्यातल्या हॉटेलने 20,000 रुपयांचा होल्ड ठेवला आणि निघताना बिल झाले 14,500. हे बिल त्याच होल्डमधून वळते करून उरलेले 5,500 सोडायला हवेत. पण घाईच्या वेळी काउंटरवरचा माणूस कार्ड नव्याने स्वाइप करतो आणि जुना होल्ड तसाच राहतो. मग 85,500 ऐवजी 65,500 रुपयेच वापरायला उरतात. चूक हॉटेलची असते, मनस्ताप मात्र ग्राहकाला.

आधी अडकलेली रक्कम नेमकी कोणत्या स्वरूपात आहे ते पाहावे. एसएमएस आला, मर्यादा घटली, पण स्टेटमेंटमध्ये नोंद नाही, तर तो होल्ड असतो. त्यावर व्याज लागत नाही. स्टेटमेंटमध्ये खर्च म्हणून नोंद दिसली, तर पैसे खरोखरच कापले गेले आहेत. मग ‘होल्ड सोडा’ म्हणून उपयोग नाही, रिफंडच मागावा लागतो.

होल्ड सोडवण्याची सुरुवात हॉटेलपासून करावी. बँकेला आधी फोन केला, तर ‘हॉटेलला सांगा’ असेच उत्तर बहुधा मिळते. हॉटेलच्या अकाउंट्स विभागाला ईमेलने तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि चेक-इनच्या स्लिपवरचा अप्रूव्हल कोड कळवून होल्ड रद्द करायला सांगावे. पूर्ण कार्ड क्रमांक किंवा ओटीपी देऊ नये. मशीनवरून तो रद्द होत नसेल, तर ‘ही रक्कम आम्ही वसूल करणार नाही, होल्ड सोडावा’ असे पत्र हॉटेलकडून लेटरहेडवर घ्यावे. ते पत्र आणि अंतिम बिल कार्ड देणाऱ्या बँकेकडे पाठवले, की बँकेला होल्ड काढायला आधार मिळतो.

कोणी काहीच केले नाही, तरी होल्ड कायमचा नसतो. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीसाठी तो साधारण 30 दिवसांपर्यंत टिकू शकतो. नेमकी मुदत कार्डाचे नेटवर्क आणि बँक यांवर ठरते. गाडीच्या बाबतीत थोडा उशीर समजण्यासारखा आहे. दुबईसारख्या ठिकाणी वाहतूक दंड आणि टोलची नोंद मागाहून येते, म्हणून गाडी परत केल्यावरही कंपन्या काही आठवडे अनामत रोखून धरतात. ती किती दिवस रोखली जाईल, हे करारात लिहिलेले असते.

मुदत उलटूनही बँक दाद देत नसेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. हा मार्ग बँकेविरुद्धचा आहे. हॉटेलविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवावी.