चाळीस थेंबांचा हिशेब

चि. निनाद यास,


परवा फोनवर तू हळू आवाजात जे विचारलेस, त्याचे उत्तर मुद्दाम पत्राने देतो आहे. हिशेब कागदावर मांडलेला बरा असतो.

तुझ्या खोलीतल्या मित्राला झोपेत वीर्यस्खलन होते. मोबाइलवर कुणा ‘वैद्यराजां’नी त्याला सांगितले, की चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो. घाबरून त्याने खाणावळीच्या पैशांतून शक्तीचे चूर्ण मागवले. आता हे विधान आपण तपासून पाहू.

एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण ३ मिलिलिटर असते. १ मिलिलिटरचे २० थेंब धर, म्हणजे ६० थेंब झाले. चाळीसने गुणले की २४०० थेंब, म्हणजे १२० मिलिलिटर रक्त. तुझा मित्र म्हणतो, आठवड्यातून दोनदा असे होते. मग आठवड्याला २४० मिलिलिटर, महिन्याला जवळजवळ एक लिटर! पन्नास किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त असते साडेतीन लिटरच्या आसपास. रक्तपेढीत धडधाकट प्रौढाकडून एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी तीन महिने थांबायला लावतात, कारण लाल पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. विधान खरे असते, तर हा मुलगा दोन महिन्यांत पांढराफटक पडून अंथरुणाला खिळला असता. तो तर रोज कबड्डी खेळतो. तरीही शंका उरली, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. भीतीचा निकाल एका सुईने लागेल.

मग वीर्य येते कुठून? बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी वृषणांना संदेश पाठवू लागते. वृषणे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात. तुझा आवाज फुटला, मिसरूड आली, ती त्याचीच करणी. त्याच वेळी शुक्राणू बनू लागतात. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्याजोगा व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. पण काम अहोरात्र चालू असल्यामुळे नवा माल रोज येतच असतो. न वापरलेले शुक्राणू शरीरातच विरघळून जातात. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचा बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांतून पाझरतो. तो मुख्यतः पाणीच. त्यात थोडी प्रथिने, क्षार आणि फळांतली असते ती साखर. ही साखरही आपल्या डब्यातल्या मोजक्या दाण्यांइतकी. एवढ्याची भरपाई एका घासात होते.

झोपेत लिंग ताठर होणे हे तर निरोगी पुरुषाच्या झोपेचे नेहमीचे अंग आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत ते रात्रीतून अनेकदा होते आणि त्यातच कधी स्खलन होते. कुणाला आठवड्याला, कुणाला महिन्या-दोन महिन्यांनी, कुणाला कधीच नाही. तिन्ही ठीकच. हस्तमैथुनानेही रक्त आटत नाही. ‘स्वप्नदोष’ हा शब्दच मला खटकतो; दोष कसला त्यात?

मित्राला थकवा येतो, हे मात्र मी खोटे मानत नाही. भीतीने झोप उडते, जेवण जात नाही, मग अशक्तपणा खराच येतो. आणि तो आला, की चूर्णवाल्याचे म्हणणे पटते! अशा चूर्णांत शिसे, पारा किंवा न सांगता मिसळलेली औषधे सापडल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा ते चूर्ण कचऱ्यात टाकायला सांग.

कुणावर विश्वास ठेवावा, असेही तू विचारलेस. मी एवढेच पाहतो: घाबरवणारा आणि औषध विकणारा माणूस एकच आहे का? त्याचे नाव, पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दिलेला आहे का? लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे ती जाहिरात करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवले. आजच्या शंकांसाठी मात्र आजचे जीवशास्त्राचे पुस्तक आणि सरकारी रुग्णालयातले डॉक्टर बरे. आणि मोबाइलवरच्या तसल्या चित्रफितींवरून स्वतःच्या शरीराचे माप काढू नका. त्या अभिनय करून, कापून-जोडून बनवलेल्या असतात.

लघवीला जळजळ झाली, रक्त दिसले किंवा घाण वासाचा स्राव आला, तर डॉक्टरांकडे जावे. आणि एका बाजूच्या वृषणात अचानक तीव्र कळ आली, सोबत मळमळ झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली, तर ते बहुधा वाचते. लाजेपायी मुले हे लपवतात आणि वेळ जाते. रात्रीचे दोन वाजले असले, तरी वसतिगृहाच्या अधीक्षकांना उठवा आणि मलाही फोन कर.

आई बरी आहे. मित्राला हे पत्र वाचायला दे.

तुझा,
बाबा