गाळाच्या पायावर बांध

टेलिंग्जचा बांध एकदा बांधून संपत नाही. खाण चालू असेतोवर गाळ येतच राहतो आणि माथा टप्प्याटप्प्याने उंचावावा लागतो. नवा टप्पा बाहेरच्या उतारावर, टणक जमिनीचा आधार घेऊन चढवला तर ती डाउनस्ट्रीम पद्धत. साठलेल्या गाळावरच आत सरकत चढवला तर अपस्ट्रीम. माथ्याची मध्यरेषा जागेवर ठेवून थोडा भार आतल्या गाळावर आणि बराचसा बाहेरच्या भरावावर टाकला, तर सेंटरलाइन. अपस्ट्रीमला माती सर्वांत कमी लागते. डाउनस्ट्रीममध्ये उंची दुप्पट केली, की बांधाचा छेद साधारण चौपट होतो. त्यामुळे खाणमालकांचा ओढा कुठे असतो हे सांगायला नको. माझ्या मते मात्र हा हिशेबच फसवा आहे, कारण अपस्ट्रीममध्ये वाचलेल्या मातीचं काम गाळावर सोपवलेलं असतं.

ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचा बांध असाच होता. १९७६पासून टप्प्याटप्प्याने वाढवत तो ८६ मीटर उंच झाला. सुरुवातीच्या काही टप्प्यांनंतर माथा आत ढकलला गेला आणि वरचे टप्पे अधिक बारीक, कमजोर गाळावर आले. उतार खडा होता आणि आतलं पाणी काढून देणारी व्यवस्था अपुरी. सैल, पाण्याने भरलेला गाळ भार पेलताना घट्ट वाटतो. पण त्याचे कण एकदा घसरू लागले, की भार कणांवरून पाण्यावर येतो आणि गाळ द्रवासारखा वाहू लागतो. त्याला भूकंपच लागतो असं नाही. तज्ज्ञ समितीच्या निष्कर्षानुसार गाळाची सततची संथ सरक आणि पावसाने वरच्या थरांची कमी झालेली ताकद एवढंच पुरलं. २५ जानेवारी २०१९ रोजी २७० माणसं गेली. बांधात २०१६पासून नवा गाळ टाकलेला नव्हता आणि फुटण्याआधी मोजमापांत लक्षणीय हालचालही दिसली नव्हती.

यावर आक्षेप असा, की बाकीच्या पद्धतीही अपयशी ठरतात. कॅनडातला माउंट पॉली बांध सुधारित सेंटरलाइनने वाढवलेला होता, तरी ऑगस्ट २०१४मध्ये फुटला. हे खरं आहे. तिथे पायाखाली हिमनदीकाळातल्या तळ्याच्या चिकणमातीचा थर होता, त्याची ताकद ओळखली गेली नव्हती, आणि बाहेरचा उतारही ठरल्यापेक्षा खडा राहिला होता. पण ही चूक बोअर घेऊन, नमुने तपासून पकडता येण्याजोगी होती. अपस्ट्रीममध्ये पाया दर टप्प्याला नव्याने तयार होतो आणि त्याचा दर्जा गाळ कुठे सोडला, पाणी कुठे साचलं यावर ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोरड्या हवेत, बांधाजवळ वाळूची रुंद पट्टी राखून, वर्षाकाठी उंची हळूहळू वाढवली तर अपस्ट्रीम टिकतो. टिकतो, पण ही शिस्त खाण चालू असेपर्यंत एकदाही मोडून चालत नाही, आणि पावसाळी प्रदेशात ती पाळणं फार कठीण.

भूकंपप्रवण चिलीने ही पद्धत १९७०मध्येच बंद केली. ब्राझीलने बंदी घातली ती २०१९च्या फेब्रुवारीत.