विरघळलेल्याला पुन्हा तळाशी आणणारा आयन

पाण्यातल्या सल्फेटचे वजन करायचे, तर प्रयोगशाळेत त्यात बेरियम क्लोराइड घालतात. बेरियम सल्फेटचा पांढरा साका बसतो. पण तो अगदी अविद्राव्य नसतो: एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे २.४ मिलिग्रॅम विरघळतोच.

साक्यावरून आयन सतत सुटतात आणि परत येऊन चिकटतातही. दोन्हींचा वेग सारखा झाला की द्रावण संपृक्त होते. तेव्हा बेरियम आणि सल्फेट यांच्या प्रमाणांचा गुणाकार ठरावीक राहतो. म्हणून एकाचे प्रमाण बाहेरून वाढवले, तर दुसऱ्याचे घटलेच पाहिजे. लिटरमागे जेमतेम १.४ ग्रॅम सोडियम सल्फेट घातले, तर हिशेबाने बेरियम सल्फेटची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घसरते! हाच समान आयन परिणाम. प्रत्यक्षात घट थोडी कमी भरते, कारण इतर आयनांची गर्दी विद्राव्यता किंचित वाढवते.

सल्फेट मोजताना समान आयन बेरियमचा, म्हणून बेरियम क्लोराइड गरजेपेक्षा थोडे जास्त घालतात. थोडेच, कारण फार जास्त झाले तर ते साक्यात अडकून वजन चुकवते. सिल्व्हर क्लोराइडमध्ये तर अतिरेक उलटतो: भरपूर क्लोराइड मिळाले की चांदीचे संयुक्त आयन बनतात आणि साका पुन्हा विरघळू लागतो.